एकच स्लाईड, एकक वर्तुळ: पहिल्या तासाचं भाषण वाचून सांगा

वऱ्हाडी_मास्तर

आमचं तंत्रनिकेतन अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला आहे. पहिल्या वर्षाला येणारी बहुतेक पोरं मराठी माध्यमातून दहावी करून येतात. काही मेळघाटातून येतात, त्यांच्या घरी कोरकू बोलतात. साईन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण साईन १४३° किती, असं विचारलं की वर्ग चिडीचूप. आणि ते बरोबरच आहे, काटकोन त्रिकोणात १४३ अंशाचा कोन बसतोच कुठे?

म्हणून यंदा पहिल्या तासाला एकच स्लाईड लावणार आहे. तिच्यावर दोन अक्ष, एक वर्तुळ, केंद्रापासून वर्तुळावरच्या P बिंदूपर्यंत एक रेघ आणि त्या रेघेजवळ १ हा आकडा. P पासून आडव्या अक्षावर सोडलेला लंब लाल, आणि केंद्रापासून त्या लंबाच्या पायापर्यंतची आडवी रेघ निळी. बाकी काही नाही. वर्गमुळं नाहीत, सोळा बिंदू नाहीत, सूत्रं नाहीत.

बोलणार ते असं:

"वह्या बंद ठेवा. भिंतीवर जे चित्र आहे ते तासभर बदलणार नाही, फक्त P फिरेल. चित्रात तुमचा दहावीचा त्रिकोण शोधा. सापडला? लाल बाजू कोनाच्या समोरची, निळी बाजू कोनाला लागून, आणि तिरपी रेघ कर्ण. आता कर्णाची लांबी बघा. १. मग लाल भागिले कर्ण म्हणजे किती? लालच. निळं भागिले कर्ण म्हणजे निळंच. भागाकार गेला. तुमचा साईन आता समोर दिसणारी एक रेघ झाला, मोजपट्टीने मोजता येईल अशी.

मोजूनच बघू. आलेख कागदावर मी १० सेंटिमीटर त्रिज्या घेतली आणि १० सेंटिमीटरलाच १ म्हटलं. म्हणजे १ मिलिमीटर झाला ०.०१. कोनमापकाने ३७° चा कोन काढला. लाल रेघ आली ६ सेंटिमीटर, निळी ८ सेंटिमीटर. म्हणजे साईन ३७° साधारण ०.६०, कॉस ३७° साधारण ०.८०. कॅल्क्युलेटर नंतर काढा, तोही हेच म्हणेल.

आता सांगा, कोन दुप्पट केला, ७४° केला, तर लाल रेघ किती? (इथे सगळे १.२० म्हणतील. म्हणू द्यायचं. फळ्यावर १.२० लिहायचं.) बरं, १.२० म्हणजे १२ सेंटिमीटर. वर्तुळाचा माथा केंद्रापासून किती उंच आहे? १० सेंटिमीटर. मग P वर्तुळ सोडून वर गेला का? मोजा. ९.६ येते. कोन दुप्पट झाला, उंची झाली नाही. कारण P सुरुवातीला जवळजवळ सरळ वर चढतो आणि माथ्याशी आला की आडवा सरकतो. ० पासून १०° पर्यंत तो १७ मिलिमीटर वर जातो. ८० पासून ९०° पर्यंत दीड मिलिमीटर.

आता ९०° वर थांबा. त्रिकोण कुठे गेला? नाही. लाल रेघ पूर्ण १, निळी शून्य. दहावीत कॉस ९०° = ० पाठ केलं होतं, इथे ते दिसतं.

अजून पुढे चला, १४३°. लाल रेघ पुन्हा ६ सेंटिमीटर. निळी ८ सेंटिमीटर, पण डावीकडे. आता निळी रेघ ही नुसती लांबी नाही, तो P चा पत्ता आहे. केंद्रापासून किती आडवं, किती उभं. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. वर अधिक, खाली उणे. म्हणून कॉस १४३° हा उणे ०.८० आणि साईन १४३° हा अधिक ०.६०. पत्त्यात आधी आडवं, मग उभं, म्हणजे आधी कॉस, मग साईन. या क्रमाची गल्लत करू नका."

यानंतर बहिरमच्या यात्रेतला आकाशपाळणा सांगायचा विचार आहे. आस म्हणजे केंद्र, पाळणा म्हणजे P, आसाच्या पातळीपासून पाळण्याची उंची म्हणजे साईन. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत बसेल का? आणि रेडियन पहिल्याच दिवशी आणावं का?

---

पोट्टं_नं_१

मास्तर, आमाले कोणी असं सांगतलं असतं तं तीन खेपा एम-वन काढा लागला नसता. आमच्या सरनं पयल्याच दिवशी फळाभर तक्ता लिवला होता. वर्गमुळात तीन भागिले दोन आलं का मी खिडकीबाहेर पायत जाओ.

---

निवृत्त_काटकोन

वाचलं. ७४° चा प्रश्न भाषणाचा कणा आहे, तो कापू नका, वेळ कमी पडला तर आकाशपाळणा कापा. ३० आणि ६० घेऊन हेच करता येतं असं कोणी म्हणेल, पण तिथे मुलांना ०.५ आणि ०.८६६ आधीच पाठ असतात, त्यामुळे ती आठवून उत्तर देतात, चित्राकडे बघत नाहीत. ३७ मात्र कोणाच्या तक्त्यात नाही.

आकाशपाळण्याबद्दल एक अडचण सांगतो. मूल पाळण्यात बसतं ते तळाशी. त्याच्यासाठी शून्य अंश तिथे असतो. तुमच्या स्लाईडवर शून्य अंश उजवीकडे, आसाच्या पातळीला. "मी बसलो तेव्हापासून पाळणा ९०° फिरला" असं मूल म्हणालं तर ते आसाच्या पातळीला आलेलं असतं आणि त्याची उंची शून्य. तुम्ही म्हणता साईन ९०° = १. मूल चुकत नाही, त्याची उंची उणे कॉसने चालते. तळाशी उणे १, पाव फेरीत ०, अर्ध्या फेरीत १. शिवाय पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की तो घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसतो. उदाहरण वापरायचंच असेल तर "पाळणा आसाच्या उजव्या पातळीवर आला की मोजायला सुरुवात करू" हे वाक्य आधी बोला.

आणि आलेख कागदाचं. शाळेच्या साध्या कागदाची छापील चौकट रुंदीला साधारण १८ सेंटिमीटर असते. १० सेंटिमीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ तिच्यात बसत नाही. कागद आडवा धरून फक्त वरचा अर्धा भाग काढायला लावा. तुमच्या तासाला ० ते १८०° च लागतंय.

---

वऱ्हाडी_मास्तर

@निवृत्त_काटकोन, तळापासून मोजण्याचा मुद्दा फार कामाचा आहे. पण मला वाटतं तो लपवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी प्रश्न म्हणूनच द्यावा: तळापासून मोजलं तर उंची कशी बदलेल? वक्र तोच, फक्त सरकलेला, हे त्यांनाच सापडू द्या.

---

प्राजक्ताची_आई

नमस्कार सर. माझ्या मुलीला यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, विद्युत शाखा. वर्तुळ हा धडा तिचा दहावीत झाला आहे, स्पर्शिका, जीवा वगैरे. तोच पुन्हा आहे का? मग क्लास लावायची गरज नसावी.

आणि कॅल्क्युलेटरचं विचारायचं होतं. घरात तिच्या मामाचा जुना आहे. साईन ३० दाबलं तर `-0.988031624` येतं. ०.५ यायला पाहिजे ना? बिघडला असेल तर नवीन घेते, पण हजाराच्या वर जातात हो.

---

पोट्टं_नं_१

ताई, तो धडा येगळा. त्यात स्पर्शिका होती, हितं P फिरते.

---

भास्कराचा_भक्त

एकक वर्तुळ आर्यभटाने शोधलं हे स्लाईडवर असलंच पाहिजे. इसवी सन ४९९ मध्येच त्याने साईनचा तक्ता दिला होता. आपल्या मुलांना हे सांगत नाहीत म्हणून ती गणिताला परकं समजतात.

---

निवृत्त_काटकोन

@भास्कराचा_भक्त, तक्ता दिला हे अगदी खरं. पण त्याचं वर्तुळ एकक नव्हतं. त्याची त्रिज्या ३४३८. हा आकडा कुठून आला ते बघण्यासारखं आहे. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, एका अंशाच्या ६० कला, म्हणजे परिघ २१,६०० कलांचा. त्याला पायच्या दुपटीने भागा, ३४३८ च्या अगदी जवळ येतं. म्हणजे परिघ आणि त्रिज्या दोन्ही त्याने एकाच मापात मोजले. ३०° ला त्याच्या तक्त्यात १७१९ आहे. भागून बघा, ३४३८ च्या बरोबर निम्मे.

तेव्हा मास्तरांनी "कर्ण १ च का?" याचं उत्तर द्यायला हे वापरावं. आर्यभटाची लाल रेघ त्रिज्येने भागली की आपला साईन मिळतो. १ त्रिज्या घेतल्याने तो भागाकार करावा लागत नाही, एवढंच. वर्तुळ मोठं केलं म्हणून साईन बदलत नाही. हे काही मुलांना खरंच वाटत नाही, त्यांना वाटतं त्रिज्या १ नसेल तर साईन चालतच नाही.

---

भास्कराचा_भक्त

३४३८ माहीत होतं. पण तत्त्व तेच ना? मी म्हणतो ते चूक कसं?

---

निवृत्त_काटकोन

तत्त्व तेच, मान्य. फक्त "एकक" हा शब्द त्याच्या नावावर घालू नका. आणि त्याच्या तक्त्यात कोन ९०° पर्यंतच आहेत, पावणेचार-पावणेचार अंशांच्या टप्प्याने, २४ किमती. मास्तरांचं भाषण जिथे जायचं म्हणतंय, त्या १४३° ला तो तक्ता थेट पोचत नाही.

---

प्रोजेक्टर_दादा

मी तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांत प्रोजेक्टर बसवतो. गणित मला फार येत नाही, पण एक गोष्ट रोज बघतो. स्लाईड जुन्या मापाची, ४:३, आणि प्रोजेक्टर १६:९ वर. वरून कोणीतरी "पूर्ण पडदा" दाबून ठेवलेला असतो, की चित्र आडवं ताणलं जातं. माणसं जाडी दिसतात तेवढ्याने कोणी तक्रार करत नाही. पण तुमचं वर्तुळ अंडं होईल. तास सुरू व्हायच्या आधी टेपने भिंतीवर वर्तुळाची उंची आणि रुंदी मोजा. सारखी नसेल तर प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन आकाराचं प्रमाण ४:३ करा.

---

वऱ्हाडी_मास्तर

@प्रोजेक्टर_दादा, हे मोलाचं. हिशोब करून बघितला. चित्र आडवं चार-तृतीयांश पट ताणलं तर ४५° चा बिंदू भिंतीवर सुमारे ३७° वर दिसेल. म्हणजे मी "इथे लाल आणि निळं सारखं" म्हणणार आणि पोरांना निळं धडधडीत लांब दिसणार. पाठीमागच्या बाकावरचा एखादा खरा डोळस पोरगा तेच बोलून दाखवेल आणि मी त्याला गप्प करीन. टेप खिशात ठेवतो.

---

डीपीवाला

तीस वर्षं वीज खात्याच्या लाईनवर काढली. विद्युत शाखेची पोरं असतील तर त्यांना लगेच तीन फेजचं सांगा. शेतातल्या पंपाला तीन फेज येतात ना, ते म्हणजे तुमच्या वर्तुळावर तीन P, एकमेकांपासून १२०° वर. तिन्ही एकाच वेगाने फिरतात, सेकंदाला ५० फेऱ्या. प्रत्येकाची लाल रेघ म्हणजे त्या क्षणी त्या फेजवर किती व्होल्टेज. मीटरला २३० दिसतं, पण टोक त्याच्याहून वर जातं, सुमारे ३२५. म्हणजे त्रिज्या ३२५ व्होल्टची धरा.

मास्तरचाच ३७° घेतो. पहिला P ३७° वर, दुसरा १५७° वर, तिसरा २७७° वर. साईन: ०.६०, ०.३९ आणि उणे ०.९९. बेरीज करा. शून्य. कोणताही क्षण घ्या, शून्यच. म्हणून तिन्ही फेजवर भार सारखा असला की न्यूट्रलमधून करंट जवळजवळ जात नाही. उणे साईन कशाला असतो असं कोणी विचारलं तर हे सांगा. उणे नसता तर तिघांची बेरीज शून्य झाली असती का?

---

पोट्टं_नं_१

डीपीवाले काका, आमच्या गावात एक फेज गेली का पंप घुरघुरते नं जळते, त्याचं बी वर्तुळ काढा एखांद्या बारी.

---

डीपीवाला

त्याला वेगळा धागा काढावा लागेल बाप्पा.

---

शून्य_अंश

मी अकरावी-बारावीला शिकवते, थोडा वेगळा सूर लावते. मला हे भाषण अर्ध्यातून उलटं वाटतं. मास्तर त्रिकोणापासून सुरुवात करून वर्तुळाकडे जातात, आणि मग ९०° ला त्रिकोणच नाहीसा होतो. त्या क्षणी काही मुलं हरवतात. त्यांच्या मनात साईन म्हणजे त्रिकोणच असतो, आणि त्रिकोण नाही तर साईन कुठला? मी सुरुवातीलाच सांगते: P चा पत्ता, बस. आडवा आकडा कॉस, उभा आकडा साईन. तीन-चार बिंदूंचे पत्ते वाचून घेते, ९०, १८०, २७० धरून. त्रिकोण शेवटी येतो: "अरे, हा तुमचा दहावीचा साईन, बघा याच्यात बसतोय."

दुसरं, उण्या लांबीचा प्रश्न. मास्तर "पत्ता आहे" असं म्हणतात ते १४३° आल्यावर. तोपर्यंत सहा वेळा "लाल रेघ किती" असं विचारून झालेलं असतं. रेघेची लांबी उणे नसतेच. मग मुलं ०.८० लिहितात आणि चिन्ह नंतर पाठ केलेल्या नियमाने चिकटवतात. परीक्षेत कॉस १४३° अधिक लिहिलेलं दिसलं की समजायचं, त्याने लांबी मोजली, पत्ता वाचला नाही.

---

निवृत्त_काटकोन

@शून्य_अंश, दुसरा मुद्दा पटला. मास्तर, रेघांऐवजी बाण काढा. निळ्या रेघेला केंद्राकडून लंबाच्या पायाकडे जाणारा बाण, लाल रेघेला पायापासून P कडे. मग दिशा चित्रातच आली.

पहिला मुद्दा पटला नाही. दहावीतून आलेल्या मुलाकडे एकच ओळखीची गोष्ट असते, ती त्रिकोण. ती काढून घेऊन पत्ता दिला तर त्याला वाटतं हा दुसराच कोणता तरी साईन आहे. मग ते दोन साईन वर्षभर शेजारी शेजारी राहतात, भेटत नाहीत.

---

शून्य_अंश

माझ्या वर्गात उलट अनुभव आहे. पण माझी मुलं गणित घेऊन आलेली असतात, तुमच्या तंत्रनिकेतनात कदाचित वेगळं असेल. करून बघा आणि इथे लिहा.

---

वऱ्हाडी_मास्तर

दोन तुकड्या आहेत माझ्याकडे. एकीत त्रिकोणापासून जातो, दुसरीत पत्त्यापासून. पंधरा दिवसांनी दोघींना कॉस १४३° विचारतो. बाण दोन्हीकडे.

---

प्राजक्ताची_आई

कॅल्क्युलेटरचं कोणी सांगितलंच नाही. 🙏

---

शून्य_अंश

ताई, बिघडलेला नाही. पडद्यावर सगळ्यात वर बारीक R दिसत असेल. मोड किंवा सेटअपमध्ये जाऊन डिग्री निवडा, तिथे D येईल. मग साईन ३० ला ०.५ मिळेल, काही मॉडेलवर १/२ असं दिसेल. नवीन घेऊ नका.

---

प्राजक्ताची_आई

आला! ०.५ आला. खूप आभार. पण मग ते R कशाला ठेवलंय? आणि ते उणे ०.९८८ आकाशातून पडलं का? मुलगी विचारतेय.

---

निवृत्त_काटकोन

आकाशातून नाही, मास्तरांच्या स्लाईडवरूनच. R म्हणजे रेडियन. त्यात कॅल्क्युलेटर ३० ला अंश समजत नाही. तो समजतो की P वर्तुळाच्या कडेकडेने ३० एवढं अंतर चालला. त्रिज्या १ आहे, म्हणजे एक पूर्ण फेरी सुमारे ६.२८ ची. ३० चालायचं तर चार फेऱ्या पूर्ण होतात, त्यात २५.१३ संपतात, उरतात ४.८७. एवढं अंतर म्हणजे सुमारे २७९°. २७०° ला P अगदी तळाशी असतो, त्याच्या थोडं पुढे उजवीकडे हा थांबला. तिथली उभी उंची किती? जवळजवळ उणे १. कॅल्क्युलेटरने उणे ०.९८८ सांगितलं, ते त्याच्या परीने बरोबर आहे.

मुलीला दोरा घेऊन हे करायला सांगा. आलेख कागदावर १० सेंटिमीटरचं वर्तुळ नाही मावणार, ५ सेंटिमीटरचं काढा. मग १ म्हणजे ५ सेंटिमीटर, आणि दोरा दीड मीटर.

---

वऱ्हाडी_मास्तर

काटकोन सर, रेडियन पहिल्या दिवशी आणायचं की नाही हे मी विचारलं होतं, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि आता हे लिहिलंत. दोऱ्याचं बघून आणावंसं वाटतंय. पण मग ७४° चा प्रश्न आणि रेडियन दोन्ही एका तासात नाही मावणार.

---

शून्य_अंश

रेडियन नको पहिल्या दिवशी. अंशाचा P अजून त्यांच्या डोळ्यांपुढे नीट फिरला नाही तोवर त्याला दोरा बांधू नका.

---

निवृत्त_काटकोन

माझं मत राखून ठेवतो. त्या ताईंच्या मुलीने पाच मिनिटांत जो प्रश्न विचारला तो तुमच्या वर्गात कोणीतरी विचारणारच, कारण निम्म्या मुलांकडचे कॅल्क्युलेटर मोठ्या भावंडांचे असतात आणि त्यातले बरेच R वर अडकलेले. विचारला तर उत्तर द्या, नाही विचारला तर गप्प राहा.